सासूबाईंचा संदेश आणि सुनेचे उत्तर : एका प्रकरणाचा अभ्यास

लग्नाला पाच महिने झालेली एक मुलगी एका रविवारी सकाळी माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या फोनमध्ये दोन मजकूर होते. एक आदल्या रात्री पावणेअकराला सासूबाईंकडून आलेला, आणि दुसरा तिने स्वतः रात्री बाराच्या सुमारास लिहिलेला, पण न पाठवलेला. मी कौटुंबिक समुपदेशनाचे काम करते आणि माझ्याकडे येणारी बहुतेक माणसे तो दुसरा मजकूर पाठवून झाल्यावर येतात. ही मुलगी अगोदर आली, म्हणून हे प्रकरण सविस्तर नोंदवण्याजोगे झाले. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. संदेशांतले शब्द मात्र तिच्या संमतीने जवळजवळ जसेच्या तसे ठेवले आहेत.

पार्श्वभूमी अगदी साधी होती. नवराबायको दोघेही नोकरी करतात आणि सासूसासऱ्यांपासून वेगळे, दुसऱ्या गावी राहतात. सासूबाई पहिल्यांदाच त्यांच्याकडे राहायला आल्या, बारा दिवस राहिल्या आणि शनिवारी परत गेल्या. त्या बारा दिवसांत कोणाचाही आवाज चढला नव्हता. घरी पोहोचल्यावर त्यांनी सुनेला लिहिले ते असे :

“सुखरूप पोहोचले. राग मानू नकोस पण बोलल्याशिवाय राहवत नाही. रात्रीची भांडी सकाळपर्यंत तशीच पडलेली असतात, हे मला अजिबात आवडलं नाही. सुट्टीच्या दिवशी नऊ-नऊ वाजेपर्यंत झोपणं घरच्या बाईला शोभत नाही. मी धुऊन पुसून ठेवलेल्या बरण्या तू न विचारता फेकून दिल्यास, मी काही बोलले नाही पण लक्षात आहे. ओट्यावरचं सामान रोज वेगळ्या जागी असतं, माणसाने शोधायचं तरी किती. तुझ्या आईकडे असं चालत असेल, आमच्याकडे या सवयी नाहीत. तू शिकलेली आहेस, जास्त सांगायला नको.”

असा संदेश दहा वेळा वाचला की त्यातले शेवटचे बोचरे वाक्य तेवढे उरते आणि बाकीचा मजकूर त्याच्याच रंगात दिसू लागतो. म्हणून मी तिला तो कागदावर, एका ओळीत एक वाक्य अशा रीतीने, उतरवून काढायला सांगितला आणि प्रत्येक वाक्यातल्या क्रियापदाखाली रेघ मारायला लावली. हे शाळेतल्या व्याकरणाच्या तासासारखे वाटते हे मला ठाऊक आहे, पण त्यातून जे दिसले ते एरवी दिसले नसते. भांडी पडलेली “असतात”, सामान वेगळ्या जागी “असतं”, झोपणे “शोभत नाही” : ही सगळी रीतीची, नेहमीची वाक्ये आहेत. एका ठराविक दिवशी घडलेली गोष्ट सांगणारे वाक्य एकच आहे, आणि ते म्हणजे बरण्या “फेकून दिल्यास”. “लक्षात आहे” हे शब्दही त्याच वाक्याला जोडलेले आहेत.

मग मी तिला बरण्यांची हकीकत विचारली. सासूबाईंनी मुक्कामात काचेच्या सात रिकाम्या बरण्या साबणाने धुऊन, उन्हात वाळवून, त्यांच्यावरचे कागद खरवडून काढून कपाटाच्या खालच्या फळीवर ओळीने लावून ठेवल्या होत्या. दहाव्या दिवशी हिने कपाट आवरताना त्या कचऱ्यात टाकल्या, कारण तिच्या लेखी त्या रिकाम्या बाटल्या होत्या. सासूबाई त्या वेळी तिथेच उभ्या होत्या आणि काही न बोलता बाहेरच्या खोलीत निघून गेल्या. ही गोष्ट तिला मी विचारेपर्यंत आठवलीही नव्हती. माझ्या मते संदेशाचे मूळ इथे होते. दुसऱ्याच्या घरी बारा दिवस राहिलेल्या बाईने आपल्या हाताने केलेले एकमेव काम सुनेने तिच्यासमोर मोडले होते, आणि भांडी, झोप, ओटा हे सगळे त्या दुखऱ्या जागेभोवती नंतर गोळा झाले होते.

दुसरी बाब तिनेच सांगितली आणि ती ऐकून मला क्षणभर हसू आले. रात्रीची भांडी घासण्याचे काम त्या घरात तिचे नव्हतेच. सकाळचे तिने आणि रात्रीचे नवऱ्याने, अशी दोघांची वाटणी पहिल्या महिन्यापासून होती. सासूबाई आल्यावर आईसमोर भांडी घासायला तो संकोचला आणि “सकाळी बघू” म्हणत राहिला. म्हणजे ज्या चार तक्रारी सुनेच्या नावावर टाकल्या होत्या, त्यांतली एक मुळात मुलाच्या नावावरची होती.

आता तिचा न पाठवलेला मजकूर पाहा :

“आई, तुम्ही म्हणता ते मान्य, पण रात्रीची भांडी घासणं माझं काम नाही, तुमच्या मुलाचं आहे, ते त्यालाच विचारा. मी आठवड्याचे सहा दिवस साडेपाचला उठते, एक दिवस झोपले तर काय बिघडलं? बरण्या जुन्याच होत्या. ओटा मी माझ्या सोयीने लावते. आणि माझ्या आईला मध्ये आणायची गरज नव्हती. तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी.”

यात खोटे एकही वाक्य नाही, आणि तरीही हा मजकूर गेला असता तर पुढचे वर्षभर तो पुन्हा पुन्हा उगाळला गेला असता. “मान्य, पण” या जोडीत “मान्य” कोणीच वाचत नाही. “काय बिघडलं?” हा प्रश्न उत्तर मागत नाही, तो तोंड बंद करतो, आणि वडीलधाऱ्या माणसाला ते लगेच कळते. “वाईट वाटलं असेल तर” या शब्दांत चूक आपल्याकडून निघून समोरच्याच्या हळवेपणाकडे जाते. पण माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठी चूक क्रमाची होती. तिने आलेल्या वाक्यांना आलेल्या क्रमाने उत्तरे दिली, आणि त्यामुळे जिथे खरोखर तिचे चुकले होते त्या बरण्यांच्या वाट्याला चार शब्दही पूर्ण आले नाहीत.

हे बोलणे झाल्यावर तिने माझ्यासमोरच दुसरे टोक गाठले. “चुकलं आई, माफ करा, यापुढे असं काहीच होणार नाही,” एवढेच लिहून प्रश्न मिटवावा, असे तिचे म्हणणे पडले. दिसायला हे उत्तर अतिशय आदराचे आहे, पण त्यात चार आश्वासने एका दमात दिली गेली आहेत आणि त्यांतली किमान दोन ती पाळणार नाही हे तिलाही माहीत होते. पुढच्या मुक्कामात एका रात्री मोरीत पातेले दिसले की आश्वासन मोडले म्हणून बोल लागणार, आणि तेव्हा तक्रार भांड्यांची राहणार नाही, खोटेपणाची होईल. “प्रयत्न करते” आणि “बघते” हे शब्दही मी तिला टाळायला सांगितले. घरातल्या मराठीत “बघते” म्हणजे नाही, आणि हे सासूबाईंना सुनेपेक्षा तीस वर्षे अगोदरपासून ठाऊक असते.

उत्तर कोणी द्यायचे, यावर आमचा बराच वेळ गेला. तिचा नवरा सोबत आला होता आणि “मीच आईला फोन करून सांगतो” असे त्याचे म्हणणे होते. हेतू चांगला होता, पण संदेश सुनेला आला होता; त्याला मुलाने उत्तर दिले असते तर सुनेने मुलाकडे गाऱ्हाणे केले, एवढाच अर्थ तिकडे पोहोचला असता. तो अगदी गप्प बसला असता, तर भांड्यांचे खोटे ओझे बायकोच्या डोक्यावर राहिले असते. म्हणून असे ठरले की आधी तिने लिहावे, आणि एक-दोन दिवसांनी त्याने आपल्या वाटणीचे तेवढेच आपल्या तोंडाने सांगावे.

एरवी मी अशा गोष्टी फोनवर बोलाव्यात या मताची आहे, कारण आवाजात जो ओलावा असतो तो अक्षरांत आणायला फार कष्ट पडतात. इथे मी उलट सांगितले. सासूबाई बारा दिवस समोरासमोर असूनही बोलल्या नव्हत्या आणि घरी गेल्यावर त्यांनी लिहिले, याचा अर्थ तोंडावर बोलणे त्यांना जड जात होते; लगेच फोन केला असता तर त्यांना कोंडीत पकडल्यासारखे झाले असते. मात्र लेखी उत्तर ननंद, मावससासू आणि आणखी कोणी कोणी वाचणार हे धरूनच लिहायचे असते, त्यामुळे नवऱ्याच्या आळसाचा उल्लेख किंवा कोणत्याही तिसऱ्या माणसाचे नाव त्यात चालणार नव्हते.

संदेश वाचल्याची खूण सासूबाईंना रात्रीच दिसलेली होती. उत्तर तयार व्हायला दिवस लागणार म्हणून तिने सकाळी साडेदहाला तीन ओळी पाठवल्या : “आई, सुखरूप पोहोचलात हे वाचून बरं वाटलं. तुमचा संदेश नीट वाचला आहे. संध्याकाळपर्यंत निवांतपणे लिहिते.” नुसता अंगठा किंवा “ठीक आहे” पाठवले असते तर ते दार आपटल्यासारखे वाटले असते.

त्यानंतर आम्ही सर्वनामांकडे वळलो. मराठीत “आम्ही” म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो आणि “आपण” म्हणताना तो आत येतो. सासूबाईंनी “आमच्याकडे” लिहिले तेव्हा त्या एका शब्दाने सून घराबाहेर उभी राहिली, आणि तिला जे लागले त्यात या शब्दाचा वाटा “तुझ्या आईकडे” इतकाच होता. तिच्या मजकुरात “माझ्या सोयीने” आणि “तुमच्या मुलाचं” आले, म्हणजे तिने तीच भिंत दुसऱ्या बाजूने बांधली. उत्तरात जिथे शक्य तिथे “आपल्या घरात”, “आपण दोघी” असे यावे, पण नवराबायकोच्या आपसातल्या वाटणीबद्दल बोलताना “आम्ही दोघं” हाच शब्द राहावा, असे मी सुचवले. ती सीमा खरी आहे आणि ती पुसण्याचे कारण नाही. सासूबाईंना उद्देशून “आपण” लिहावे का, असे तिने विचारले. रोज “तुम्ही” म्हणणारी सून एकाएकी “आपण” म्हणू लागली तर तो आदर वाटत नाही, कार्यालयातून आलेल्या सूचनेसारखा परकेपणा वाटतो. म्हणून रोजचे “तुम्ही”च ठेवले, आणि पत्रातले “तीर्थरूप” तर फोनवरच्या संदेशात चेष्टेसारखे दिसले असते.

खरा मतभेद झाला तो आईबद्दलच्या वाक्यावरून. माझे मत होते की त्याला उत्तरच देऊ नये, कारण ते वाक्य रागाच्या शेवटी आलेले होते आणि त्याला हात लावला की बाकी सगळे बाजूला पडून तेवढ्यावरच बोलणे सुरू होते. तिने ऐकले नाही. “माझ्या सवयींना नावं ठेवली तर मी ऐकून घेईन, पण हे गिळलं तर पुढच्या वेळी ते पहिल्याच वाक्यात येईल,” असे ती म्हणाली, आणि आज मागे वळून पाहताना तिचेच बरोबर होते असे मी म्हणेन. मग आम्ही त्यासाठी एकच वाक्य ठेवायचे ठरवले, ज्यात आरोप नसेल आणि फक्त तिला काय वाटले ते असेल, आणि ते शेवटी येणार नाही. शेवटचे वाक्य वाचणाऱ्याच्या मनात घर करून राहते, हे तिने आदल्या रात्रीच अनुभवले होते.

संध्याकाळी सव्वासहाला गेलेले उत्तर असे होते :

“आई, नमस्कार. सकाळी म्हटल्याप्रमाणे लिहिते आहे.

सगळ्यांत आधी बरण्यांबद्दल. त्या तुम्ही धुऊन, वाळवून, नीट लावून ठेवल्या होत्या आणि मी तुम्हाला न विचारता टाकून दिल्या. विचारायला हवं होतं. ही माझी चूक झाली, मला माफ करा. आपल्या घरात तुम्ही ठेवलेली वस्तू यापुढे तुम्हाला विचारल्याशिवाय मी टाकणार नाही.

ओट्यावरच्या सामानाचंही खरं आहे. माझ्याच जागा अजून ठरलेल्या नाहीत. पुढच्या वेळी तुम्ही आलात की आपण दोघी मिळून एकदा त्या ठरवू.

भांड्यांचं काम आम्ही दोघांनी वाटून घेतलं आहे आणि रात्री उशीर झाला की ती सकाळी होतात. तुम्हाला ते आवडत नाही हे कळलं, आम्ही दोघं त्यावर बोलतो. सुट्टीच्या दिवशी मी उशिरा उठते, कारण तेवढी झोप मला लागते, हे तुम्हाला मोकळेपणाने सांगते.

माझ्या सवयींबद्दल तुम्ही मला केव्हाही सांगा. माझ्या आईबद्दलचं वाक्य वाचून मात्र वाईट वाटलं. मनात ठेवण्यापेक्षा तुम्हालाच सांगावं म्हणून लिहिलं.

प्रवासात गुडघ्याचं दुखणं वाढलं नाही ना? उद्या संध्याकाळी फोन करते.”

यातल्या काही जागांवर आम्ही मुद्दाम थांबलो होतो. पहिल्या मसुद्यात तिने “बरण्या टाकल्या गेल्या” असे लिहिले होते. मराठीत चुकीपासून अंग काढून घ्यायची ही फार सोयीची वाट आहे : टाकल्या गेल्या, राहून गेलं, लक्षातून निसटलं. “मी टाकून दिल्या” एवढा बदल केल्यावर ती म्हणाली की आता माफी लहान असली तरी पुरते. त्याउलट भांड्यांच्या वाक्यात “ती सकाळी होतात” असे कर्ता नसलेले वाक्य मी राहू दिले, कारण तिथे कर्ता नवरा होता आणि त्याचे नाव घेणे तिचे काम नव्हते. झोपेबद्दल तिने ना माफी मागितली ना आश्वासन दिले. “साडेपाचला उठते” हा हिशेबही काढून टाकला, कारण हिशेब मांडला की समोरून दुसरा हिशेब येतो, आणि सासूबाईंच्या तरुणपणी किती वाजता उठावे लागे ते ऐकावे लागते.

असे उत्तर कुठे उपयोगाचे नाही, तेही इथेच नोंदवते. इथे टीका एकदाच झाली होती आणि ती सवयींपुरती होती. जिथे असे संदेश रोज येतात, पगार, फोन किंवा माहेरी जाणे यांवर बंधने घातली जातात, किंवा धमकीची भाषा येते, तिथे शब्द जुळवत बसण्याचा काही फायदा नसतो. तिथे संदेश जपून ठेवावेत आणि विश्वासातल्या माणसांची मदत घ्यावी.

सोमवारी सकाळी सासूबाईंचे उत्तर आले : “बरण्यांचं एवढं मनावर घेऊ नकोस. गुडघा बरा आहे. फोन कर.” आईबद्दल त्यात एक अक्षरही नव्हते आणि ती खट्टू झाली. संध्याकाळच्या फोनवरही तो विषय निघाला नाही, पण बोलणे संपताना सासूबाईंनी “तुझी आई कशी आहे, त्यांना माझा नमस्कार सांग” असे म्हटले, जे त्यांनी त्याआधी फोनवर कधी म्हटल्याचे तिला आठवत नव्हते. याला माफी म्हणायचे की नाही हे मी तिच्यावर सोडले.

नवऱ्याचे काम मात्र थोडे बिघडले. त्याने लिहायचे ठरले होते ते असे : “आई, रात्रीची भांडी माझ्याकडे असतात. राहिली ती माझ्यामुळे. त्याबद्दल मला बोल.” हे त्याने लिहिले, आणि वर स्वतःच्या मनाने “तिला काही बोलत जाऊ नकोस” एवढे जोडले. झाले, पुढचा पंधरवडा “मुलगा बदलला” हे सासऱ्यांपासून आत्यापर्यंत सगळ्यांनी ऐकले. सुनेच्या उत्तराने जे शांत झाले होते, ते या एका वाक्याने पुन्हा ढवळले, आणि ते निवळायला त्यालाच दोनदा घरी जाऊन यावे लागले.

तीन महिन्यांनी सासूबाई पुन्हा राहायला आल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघींनी ओटा रिकामा करून सामानाच्या जागा ठरवल्या. दोन जागांवरून वाद झाला आणि दोन्ही वेळा सासूबाईंचे ऐकले गेले. भांडी मुलगा घासत होता, कधी रात्री, कधी सकाळी, आणि ती राहिली की बोलणी त्याला बसत होती. रविवारी सून साडेआठला उठली तेव्हा सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण रेडिओचा आवाज मोठा होता. त्या गेल्यानंतर तिने मला एक छायाचित्र पाठवले. कपाटाच्या खालच्या फळीवर धुतलेल्या चार बरण्या ओळीने ठेवलेल्या होत्या आणि पहिलीवर सासूबाईंच्या ठसठशीत अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती : “ठेवल्या आहेत. टाकायच्या झाल्यास विचारणे.”